दर दोन तासांनी? मेकअपवरचं सनस्क्रीन आणि खिडकीजवळची खुर्ची

सनस्क्रीनच्या ट्यूबवर ‘दर दोन तासांनी पुन्हा लावा’ असं छापलेलं असतं. सकाळी साडेआठला मेकअप करून निघालेल्या आणि संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या बाईने ते शब्दशः पाळायचं म्हटलं, तर दिवसातून चार वेळा तोंड धुवायचं आणि चार वेळा फाउंडेशन लावायचं. असं कुणी करत नाही. मग काहीजणी सकाळचं सनस्क्रीन रात्रीपर्यंत पुरतं असं समजून मोकळ्या होतात आणि काहीजणी दुपारी एसपीएफवाल्या कॉम्पॅक्टचा ब्रश गालांवरून फिरवून निश्चिंत होतात. दुसरा गट जास्त जागरूक वाटतो खरा, पण संरक्षणाच्या हिशेबात दोघींमध्ये फारसा फरक नाही.

आधी ते दोन तास कुठून आले ते पाहू. अमेरिकेच्या एफडीएच्या लेबलनियमांत ही सूचना आहे, आणि तिच्या बरोबरीनेच पोहल्यावर, घाम आल्यावर, टॉवेलने पुसल्यावर पुन्हा लावा असंही सांगितलेलं आहे. म्हणजे डोळ्यांसमोर आहे तो समुद्रकिनाऱ्यावरचा, मैदानावरचा, शेतातला माणूस. सनस्क्रीन घड्याळ बघून संपत नाही. ते घामाबरोबर वाहतं, चेहऱ्याच्या तेलात मिसळून पसरतं, रुमालाला आणि हाताला लागून निघतं. त्यातले काही घटक, उदाहरणार्थ अ‍ॅव्होबेन्झोन, प्रकाशात हळूहळू मोडतात. वातानुकूलित खोलीत, उन्हापासून लांब, चेहऱ्याला हात न लावता बसलेल्या माणसाच्या बाबतीत यातलं बरंचसं घडतच नाही. त्याचा थर कमी होतो, पण सावकाश. तेव्हा विचारायचं ते असं: सकाळपासून थराला काय काय घासून गेलं, आणि पुढच्या दोन-तीन तासांत ऊन किती लागणार?

समजा, मेघना कोथरूडला राहते, बाणेरच्या ऑफिसात काम करते आणि एप्रिल महिना चालू आहे. आठ वाजता तिने एसपीएफ ५० लावलं, वर फाउंडेशन, मग पुण्याच्या रिवाजाप्रमाणे डोळ्यांपर्यंत स्कार्फ, त्यावर हेल्मेट, आणि स्कूटर. रस्त्यावरच्या अर्ध्या तासात स्कार्फ तिला सनस्क्रीनपेक्षाही चांगलं राखतो, कारण दाट विणीचं कापड अतिनील किरण अडवतं. पण तोच स्कार्फ आतून घासतो आणि त्याखाली घाम येतो. ऑफिसात पोचल्यावर स्कार्फची आतली बाजू उलटून पाहावी. तिथे फाउंडेशनचा तपकिरी ठसा उमटला असेल, तर त्याखालचं सनस्क्रीनही तिथून निघालेलं आहे. नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर आणि हनुवटीवर हे हमखास होतं.

साडेनऊ ते एक ती आत असते. सव्वा वाजता जेवायला खाली उतरते, आणि एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी इथला यूव्ही इंडेक्स ११च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना ३पासूनच संरक्षण घ्या म्हणते. तिची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीशी आहे, त्यामुळे तीनपासून ऊन थेट डाव्या गालावर येतं. अशा दिवशी पुन्हा लावण्याची खरी वेळ एकच: जेवायला उतरण्याच्या थोडं आधी. अकरा वाजता लावलं तर उपयोग कमी, कारण तेव्हा ती आतच आहे आणि खिडकीत ऊन नाही. निघताना सहाला लावणं तर केवळ मनाचं समाधान.

पावडरीवरचा एसपीएफ

डबीवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम इतका थर लावलेला असतो. चेहऱ्याचं क्षेत्रफळ साधारण ५५० चौरस सेंटिमीटर धरलं तर एका वेळेला १.१ ग्रॅम लागतं. कॉम्पॅक्टच्या डबीत साधारण ८ ते १० ग्रॅम पावडर असते. म्हणजे डबीवर लिहिलेलं संरक्षण पावडरीकडून हवं असेल, तर अख्खा कॉम्पॅक्ट सात ते नऊ वेळांत संपायला हवा. आपला कॉम्पॅक्ट कित्येक महिने पुरतो, यातच उत्तर आलं. ब्रशने बसतो तो या मापाचा अगदी थोडा अंश.

फाउंडेशनचंही तसंच. आणि एसपीएफची बेरीज होत नाही: खाली ३० आणि वर १५ म्हणून ४५ झाले असं नाही. ज्याचा थर पुरेसा, त्याचंच संरक्षण मुख्यतः मिळतं. म्हणून माझं मत असं, की दुपारच्या खटपटीपेक्षा सकाळचं माप सुधारण्यात जास्त फायदा आहे. बहुतेक लोक हव्या त्या मापाच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात, आणि मग डबीवरचे ५० चेहऱ्यावर २५च्या आसपास किंवा त्याखाली येतात. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेषा चेहरा आणि मानेसाठी घ्याव्यात. एकदम थापलं तर चेहरा पांढरट आणि चिकट होतो. तेच दोन हातांत लावावं, मध्ये दोन-तीन मिनिटं सोडावीत, आणि फाउंडेशनला हात घालण्याआधी दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. थर बसण्याआधी वर ब्रश घासला तर खालचं सनस्क्रीन त्याच्याबरोबर सरकतं.

स्टिक पावडरीपेक्षा बरी, पण एकदा फिरवून भागत नाही; प्रत्येक भागावरून चार वेळा तरी न्यावी लागते. स्प्रे मात्र तोंडावर थेट मारू नये. निम्मा हवेत जातो, काही श्वासात जातो, आणि कुठे बसला कुठे नाही ते दिसत नाही.

मेकअप न मोडता

ऑफिसच्या बाथरूममधल्या पाच मिनिटांत हे जमतं. हात धुवावेत. टिश्यू चेहऱ्यावर दाबून तेल आणि घाम टिपून घ्यावा, पुसू नये. पातळ, जेल किंवा द्रव प्रकारचं सनस्क्रीन एका बोटाची रेषा भरेल इतकं हाताच्या पाठीवर काढावं. मेकअपचा स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, कारण कोरडा स्पंज सनस्क्रीन स्वतःच पिऊन टाकतो. मग निम्मं सनस्क्रीन टिपून गाल, नाक, कपाळ, हनुवटी असं दाबत जावं. मिनिटभर थांबून उरलेलं निम्मं तसंच. बोटांनीही चालतं, फक्त दाबायचं, ओढायचं नाही. सगळी गोम इथेच आहे: सनस्क्रीनमधले तेलकट घटक फाउंडेशन विरघळवतात, आणि घासलं की दोन्ही थर एकत्र निघून येतात. तीन-चार मिनिटांनी वाटलंच तर वरून पावडर लावावी. मान आणि कानांवर मेकअप नसतो, तिथे नेहमीसारखं चोळून लावता येतं. तरी सगळ्यात जास्त विसर पडतो तो त्यांचाच.

कधीकधी मळ निघावा तशा बारीक वळ्या सुटतात. बहुतेक वेळा खाली सिलिकॉनचा प्रायमर असतो आणि वर पाण्याच्या आधाराचं जेल येतं. दोघांचं जमत नाही. किंवा थर फार जाड झालेला असतो. वळ्या सुटल्या त्या जागी संरक्षण गेलं असं समजावं, तेवढाच भाग ओल्या टिश्यूने साफ करून पुन्हा लावावं. असं रोजच होत असेल तर प्रायमर बदलावा किंवा सोडून द्यावा.

काचेआडचं ऊन

खिडकीबद्दल दोन उलटसुलट समजुती एकाच घरात नांदतात. एक म्हणते, काच आहे ना, मग ऊन लागत नाही. दुसरी म्हणते, बंद खिडकीतल्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं. दोन्ही चुकीच्या, आणि कारण एकच. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. त्वचा भाजणं प्रामुख्याने यूव्हीबीमुळे होतं, आणि ड जीवनसत्त्वही तीच तयार करते. म्हणून काचेआड त्वचा लाल होत नाही आणि ड जीवनसत्त्वही तयार होत नाही. यूव्हीए मात्र निम्म्याहून अधिक आत येते. ती खोलवर जाते, रंग गडद करते, कालांतराने सुरकुत्या पाडते, आणि चटका देत नाही म्हणून कळतही नाही. एसपीएफचा आकडा मुळात यूव्हीबीचा. खिडकीशी बसणाऱ्याने डबीवर पीए+++ किंवा पीए++++ आहे का ते पाहावं.

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं तो ट्रक चालवत होता, आणि खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त म्हातारी दिसत होती. आपल्याकडे चालकाची ती बाजू उजवी. गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घातलेली असते आणि यूव्हीए बहुतेक अडवते. बाजूच्या काचांचा तसा भरवसा नाही.

पण ऑफिसातल्या प्रत्येकाला हे लागू नाही. खुर्चीत बसून आकाश किती दिसतं ते पाहावं. भरपूर आकाश दिसत असेल, तर ऊन अंगावर नसलं तरी विखुरलेली यूव्हीए येते. काही मीटर आत, आकाशाची जेमतेम पट्टी दिसत असेल, तर ती फार उरत नाही. दिशेलाही महत्त्व आहे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. डिसेंबरात तेच ऊन टेबलापर्यंत पोचतं. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांचा त्रास उन्हाळ्यात असतो. खिडकीपासून लांब, ट्यूबलाइटखाली दिवस काढणाऱ्याने दुपारी पुन्हा लावायची गरज नाही. लॅपटॉपच्या उजेडासाठी तर नाहीच; खिडकीतल्या उजेडापुढे तो नगण्य आहे.

खिडकीशी बसणाऱ्यांत दोन गटांनी मात्र हयगय करू नये. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लीन किंवा रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल, तर त्वचा यूव्हीएला जास्त संवेदनशील होऊ शकते, आणि ती प्रतिक्रिया काचेआडूनही येते. दुसरा गट वांग असलेल्यांचा, त्यात गरोदरपणी वांग उठलेल्याही आल्या. सावळ्या-गव्हाळ त्वचेत नुसता दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो. काचेवर लावायची पारदर्शक यूव्ही फिल्म तो अडवत नाही, आणि बिनरंगाचं सनस्क्रीनही फारसं अडवत नाही. त्यांच्यासाठी पडदा ओढणं सगळ्यात स्वस्त. ते शक्य नसेल तर रंगीत सनस्क्रीन घ्यावं, ज्याच्या घटकांत आयर्न ऑक्साइड असतं. डबीवर ते सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ अशा आकड्यांनीही लिहितात. हेच रंगद्रव्य फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टमध्येही असतं. त्यामुळे एसपीएफसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरलेली दुपारची पावडर वांग असलेल्या बाईला थोडी तरी मदत करते, अर्थात खाली सनस्क्रीनचा पुरेसा थर असेल तर.