तासाभराच्या धावेआधी किती खायचं?

रविवारी पहाटे साडेपाचला आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप रेसकोर्सच्या कुंपणापाशी जमतो, तेव्हा दोन तऱ्हेची माणसं हमखास दिसतात. एक कमरेच्या पट्ट्यात जेलची तीन पाकिटं खोचून येतो, पळायचं असतं दहा किलोमीटर. दुसरा रात्री आठनंतर पाण्याखेरीज काहीही न घेता येतो आणि अभिमानाने सांगतो की पोट रिकामं असलं की चरबी जळते. दोघांनाही साधारण तासभरच पळायचं असतं. मॅरेथॉनसाठी काय खावं, यावर भरपूर लिहिलं जातं आणि तेच नियम लोक तासाभराच्या धावेला लावतात. पण तासाचा हिशोब वेगळा आहे आणि तो कागदावर मांडून बघण्यासारखा आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. वय ४६, वजन ६० किलो, दहा किलोमीटर तासाच्या आत पूर्ण करायची इच्छा. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे दहा किलोमीटरला ६००. जरा दमवणाऱ्या वेगात यातला दोन तृतीयांश भाग कर्बोदकांतून येतो असं धरलं, तर ४०० किलोकॅलरी झाल्या. एक ग्रॅम कर्बोदकांतून चार किलोकॅलरी मिळतात, तेव्हा ताईंना लागली सुमारे १०० ग्रॅम कर्बोदकं. बाकीचं काम चरबी करते.

आता साठा बघू. आपण खाल्लेली पोळी, भात, साखर यांचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते ग्लायकोजेन नावाने दोन ठिकाणी साठवलं जातं. नीट जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंमध्ये मिळून ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. पायांचे आणि नितंबांचे स्नायू सगळ्यांत मोठे, त्यामुळे साठ्याचा मोठा हिस्सा नेमका पळायला लागतो तिथेच असतो. ताईंना लागणारे १०० ग्रॅम त्यातून सहज निघतात. पहिल्या गड्याच्या पट्ट्यातल्या तीन जेलमध्ये मिळून ६०-७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. तासाभरात त्यातलं फार थोडं त्याच्या पायांपर्यंत पोचणार आणि त्याची गरजही नसणार.

मग रात्रभराच्या उपाशी पोटाचं काय? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. झोपेत पायांमधला साठा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. स्नायूने एकदा ग्लुकोज आत घेतलं की ते परत रक्तात सोडता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूत नसतंच. हाताचा स्नायूसुद्धा पायाला उसना देऊ शकत नाही. रात्री खर्च होतो तो यकृतातला साठा. मेंदू झोपेतही तासाला पाच ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो आणि ते यकृत पुरवतं. रात्री आठला जेवून पहाटे पाचला उठलात तर यकृतातला निम्म्याच्या आसपास साठा संपलेला असतो. म्हणून सकाळच्या खाण्याचं काम पाय भरणं हे नसून यकृताला हातभार लावणं आणि रक्तातली साखर स्थिर ठेवणं एवढंच आहे. पाय भरतात ते आदल्या दिवशीच्या जेवणांतून, आणि रिकामे झालेले स्नायू पुन्हा भरायला साधारण २४ तास लागतात. शनिवारी अठरा किलोमीटर पळून संध्याकाळी नुसतं सूप आणि सॅलड घेतलेला माणूस रविवारी पहिल्या किलोमीटरपासून पाय ओढत पळतो, ते यामुळे. त्याला सकाळचं केळं वाचवू शकत नाही. शनिवारच्या भाताने वाचवलं असतं.

पळताना काय घ्यावं, हा प्रश्न याहून रंजक आहे, आणि त्याचं उत्तर शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होतं. तासभर जोरात सायकल चालवणाऱ्यांना साखरेचं पाणी पाजलं की त्यांचा वेळ सुधारतो, असं काही प्रयोगांत दिसत होतं. स्नायूंत पुरेसा साठा असताना हे व्हावं का? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात कार्टर, युकेंड्रुप आणि जोन्स यांनी आधी ग्लुकोज थेट शिरेतून दिलं. रक्तातली साखर वाढली, स्नायूंनी ती घेतलीही, पण वेळ जराही सुधारला नाही. मग २००४ साली त्यांनी उलटा प्रयोग केला. सायकलपटूंना माल्टोडेक्स्ट्रिनचं पाणी नुसतं तोंडात पाच सेकंद खळखळवून थुंकायला लावलं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून बनवलेली, जवळजवळ बेचव अशी पूड. पोटात काहीही गेलं नाही आणि तरीही तासाभराच्या चाचणीचा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी कमी झाला.

याचा खुलासा २००९ साली मेंदूच्या स्कॅनमधून झाला. तोंडात ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असताना मेंदूचे, समाधान आणि हालचालींशी संबंधित असलेले काही भाग जागे झाले. सॅकरिनने, म्हणजे कृत्रिम गोडीने, ते झाले नाहीत. म्हणजे तोंडाला कर्बोदकं गोडीशिवायही ओळखता येतात. इंधन येत आहे असा निरोप मेंदूला मिळतो आणि तो वेगावरचा लगाम थोडा सैल सोडतो. डाएट पेयाची बाटली घेऊन पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

धावपटूंवर हाच प्रयोग लफबरो विद्यापीठात झाला. रात्रभर उपाशी असलेले सरावाचे धावपटू तासभर जमेल तितकं पळाले. कर्बोदकांचं पाणी तोंडात फिरवून थुंकलं तेव्हा ते सुमारे २०० मीटर जास्त गेले, चौदा किलोमीटरच्या पुढच्या धावेत. त्याच गटाने दुसऱ्या एका प्रयोगात धावपटूंना आधी व्यवस्थित जेवू घातलं, आणि मग पळण्याआधी व पळताना साखर-क्षारांचं पेय दिलं. त्या वेळी फायदा दिसला नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी या दोन प्रयोगांत सगळं आलं. आधी नीट खाल्लं असेल तर तासाभराच्या धावेत वाटेत काही घेतलं नाही तरी चालतं. पहाटे खाणं जमलंच नाही आणि धाव जोराची असेल, तर दोन-चार घोट उपयोगी पडतात. आणि गप्पा मारत पळायची सोपी धाव असेल, तर पाण्यापलीकडे कशाचीच गरज नाही.

आता परत ताईंकडे. गेल्या वर्षीच्या एका शर्यतीत त्यांनी सुरुवातीच्या पाऊण तास आधी बशीभर शेंगदाणे घातलेले, तेलावर परतलेले पोहे खाल्ले होते. सहाव्या किलोमीटरला पोटात ढवळायला लागलं, बरगडीखाली कळ आली आणि त्या चालत आल्या. पोह्यांचा दोष नव्हता. तेल आणि शेंगदाण्यातली चरबी जठरात अन्न अडवून धरते आणि जोरात पळताना पोटाकडचा रक्तपुरवठा पायांकडे वळतो, त्यामुळे अडकलेलं अन्न तिथेच हिंदकळतं. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच होतं.

यंदा शर्यत साडेसहाला होती. आदल्या रात्री आठला त्यांनी दोन पोळ्या, नेहमीपेक्षा मूठभर जास्त भात आणि वरण घेतलं. कोशिंबीर आणि उसळ मुद्दाम टाळली, कारण चोथा सकाळी त्रास देतो. साडेचारला उठून पाचच्या सुमाराला एक केळं आणि जॅम लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस खाल्ले. केळ्यात साधारण २५ ग्रॅम, दोन स्लाइसमध्ये तितकंच, जॅमचे थोडे. म्हणजे वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास. खाणं आणि धाव यांत तासा-दीड तासाचं अंतर असेल तर एवढं प्रमाण पुरतं. ब्रेड नको असेल तर तूप न घातलेला मऊ भात गूळ घालून, किंवा चार-पाच खजूर आणि केळं चालतं.

वाटेसाठी त्यांनी छोट्या बाटलीत २०० मिली पाणी, तीन सपाट चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घेतलं. हे सहा-सात टक्क्यांचं द्रावण झालं. याहून गोड केलं की ते जठरात रेंगाळतं आणि मळमळतं. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या किलोमीटरला एक घोट, पाच सेकंद तोंडात फिरवून गिळलेला. नाश्ता झालेला असल्याने त्याची सक्ती नव्हती, पण शेवटच्या टप्प्यात त्यांना बरं वाटलं. शर्यत ५९ मिनिटांत झाली आणि पोटाने तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र नव्या लोकांना घाबरवते. सुरुवातीच्या पाऊण-एक तास आधी गोड चहा आणि पाच-सहा बिस्किटं घेतली की इन्शुलिन वाढलेलं असतं, त्यात पळणारे स्नायूही साखर ओढतात, आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काही जणांना गरगरतं, हात थरथरतात. बहुतेकांचं ते आपोआप सावरतं. तुम्हाला असं होत असेल तर खाणं दीड-दोन तास आधी न्या किंवा गोडाचे दोन घास अगदी सुरुवातीच्या रेषेवर, पाच मिनिटं आधी घ्या. लक्षणांवरून कारण ओळखायला शिका: थंड घाम, थरथर आणि डोकं हलकं होणं ही साखर उतरल्याची खूण, सुरुवातीपासून जड पाय हा आदल्या दिवसाचा प्रश्न, आणि दुसऱ्याच किलोमीटरला धाप लागली तर वेग जास्त होता, खाण्याचा संबंध नाही.

इन्शुलिन घेणाऱ्या किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही धावपटूंनी यातलं काहीही जसंच्या तसं उचलू नये. त्यांच्यासाठी उपाशी पळणं धोक्याचं ठरू शकतं. औषधाची मात्रा आणि खाणं दोन्ही आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पळताना खिशात साखर ठेवा आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा.

बाकीच्यांना एवढंच सांगणं. शर्यतीच्या दिवशी कुठलाही नवा पदार्थ तोंडात घालू नका. शर्यतीआधीच्या दोन रविवारी तेच खाणं, तेवढंच, त्याच वेळेला खाऊन तासभर पळून बघा.