दोन ओळींच्या मधली जागा

सॉफ्टवेअर कंपनीत कुणी नवा कोड लिहिला की तो सहसा थेट वापरात जात नाही. आधी तो सहकाऱ्यांपुढे ठेवला जातो. यालाच पुल रिक्वेस्ट म्हणतात. सहकारी वाचतात, शेरे मारतात, मंजुरी देतात आणि मग तो मुख्य कोडमध्ये मिसळतो. यातले बरेच शेरे नावांवर, मोकळ्या जागांवर आणि ओळीच्या लांबीवर असतात. ही कामं आता यंत्रं आपोआप करतात, तरी माणसं त्यावर तावातावाने वाद घालतात. कारण सोपं आहे: या चुका डोळ्यांना दिसतात.

न दिसणारी चूक कशी असते? समजा, खरेदीच्या ॲपमधल्या वॉलेटसाठी असा कोड आला आहे:

```python
balance = get_balance(user_id)
if balance >= amount:
    set_balance(user_id, balance - amount)
```

शिल्लक वाचा, पुरेशी असेल तर वजा करा आणि उरलेली रक्कम लिहून ठेवा. नावं नेटकी आहेत, तर्क बरोबर आहे, चाचण्याही पास होतात. तरीही हा कोड पैसे बुडवतो.

वॉलेटमध्ये 500 रुपये आहेत. नवऱ्याने एका फोनवरून 300 रुपयांची वस्तू घेतली आणि त्याच क्षणी बायकोने दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यातून 400 ची. पहिली विनंती 500 वाचते. ती काही लिहिण्याआधीच दुसरीही 500 वाचते. दोघींना शिल्लक पुरेशी वाटते. पहिली 200 लिहून जाते, दुसरी त्यावर 100 लिहिते. म्हणजे 500 रुपयांत 700 चा माल गेला आणि वर 100 शिल्लक राहिले! याला रेस कंडिशन म्हणतात. कोडची एकही ओळ चुकीची नाही. घोटाळा वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत आहे, आणि ती फट काही मिलिसेकंदांची असल्याने एकेक विनंती पाठवणाऱ्या चाचणीला ती कधीच सापडत नाही.

‘थेराक-25’ या किरणोपचार यंत्रात 1986 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये असंच घडलं. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. सरावलेली ऑपरेटर तेवढ्या वेळात पडद्यावरची नोंद दुरुस्त करून मोकळी होई, आणि ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागाला कळतच नसे. रुग्णांना प्रचंड मात्रा बसली. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून ही चूक कधी उघड झाली नसती.

म्हणून असा कोड तपासताना वरून खाली वाचत जाणं पुरत नाही. आधी शोधायचं, की एकाहून अधिक विनंत्या हात लावतील अशी गोष्ट कोणती. इथे ती शिल्लक आहे. मग ती कुठे वाचली जाते आणि कुठे लिहिली जाते ते पाहायचं, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये दुसरी विनंती घुसवून कागदावर दोन रकाने मांडायचे, वर 300 आणि 400 चे मांडले तसे. शंका पक्की करायची तर त्या दोन ओळींमध्ये मुद्दाम एका सेकंदाचा थांबा घालून दोन विनंत्या एकदम सोडाव्यात. दडलेली चूक मग सहज पकडता येते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “पण ट्रान्झॅक्शन लावलंय की!” तेवढ्याने भागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन ट्रान्झॅक्शन्स तीच जुनी शिल्लक खुशाल वाचू शकतात. प्रोग्रामच्या आत लावलेलं लॉकही फसवं असतं. ते त्या एका प्रोसेसपुरतं चालतं, आणि ॲप चार सर्व्हरवर असेल तर चार वेगळी लॉक होतात.

उपाय असा, की तपासणी आणि वजाबाकी डेटाबेसला एकाच आज्ञेत सांगायची:

```sql
UPDATE wallet
SET balance = balance - 400
WHERE user_id = 7 AND balance >= 400;
```

आता 300 वाली विनंती आधी पोहोचली तर 400 वाली ती पूर्ण होईपर्यंत थांबते, नवी शिल्लक 200 आहे हे पाहते आणि काहीच बदलत नाही. मात्र डेटाबेस इथे चूक झाल्याची ओरड करत नाही. तो फक्त शून्य ओळी बदलल्या असं सांगतो. पुढचा कोड ते उत्तर न पाहताच माल पाठवत असेल तर फट बुजली नाही, नुसती पुढे सरकली. आणि हा पुढचा कोड पुष्कळदा बदललेल्या ओळींत नसतोच, त्यासाठी दुसरी फाइल उघडावी लागते.

पुढच्या वेळी तुमच्यापुढे शिल्लक, साठा किंवा जागांचं आरक्षण बदलणारी पुल रिक्वेस्ट आली, तर नावांवरचे शेरे नंतर लिहा. आधी ती दुसरी फाइल उघडा.