सर्व्हर किती लहान करता येईल?

पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांपुढे आणा. हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर चालतं. सर्व्हरचा प्रकार `m5.2xlarge`, म्हणजे 8 व्हर्च्युअल सीपीयू आणि 32 जीबी मेमरी. कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या कंपन्या पुण्यात पैशाला पासरी सापडतील. एके दिवशी अकाउंट्सवाल्यांनी क्लाउडचं बिल पुढे केलं आणि एकच प्रश्न विचारला: हा सर्व्हर एवढा मोठा कशाला?

उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. सर्व्हर घेताना वापराचा अंदाज नव्हता, म्हणून हात सैल सोडला. सर्व्हर विकत घेतला जायचा तेव्हा हे शहाणपणाचं होतं, कारण एकदा आलेली पेटी चार-पाच वर्षं बदलता यायची नाही. क्लाउडमध्ये आकार पाच-दहा मिनिटांत बदलतो. सवय मात्र जुनीच राहिली.

बिलाचं गणित सोपं आहे. एकाच कुटुंबात एक पायरी खाली उतरलं की सीपीयू निम्मे, मेमरी निम्मी आणि भाडंही निम्मं होतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या दरपत्रकात लिनक्ससाठी `m5.2xlarge`चा तासाचा दर 0.384 डॉलर आहे, तर `m5.xlarge`चा 0.192. महिन्याचे 730 तास धरले तर 280 डॉलरचे 140 होतात. मुंबईचे दर थोडे वेगळे आहेत, प्रमाण तेच.

म्हणून सगळे आधी सीपीयूचा आलेख उघडतात. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या सेवेत `CPUUtilization` नावाचा आकडा फुकट मिळतो. आपल्या कंपनीच्या सर्व्हरची महिन्याची सरासरी निघाली 5.1 टक्के. हे पाहून एखादा उत्साही माणूस लगेच म्हणेल, एक काय, दोन पायऱ्या उतरा. तिथेच थांबायला हवं.

ही 5.1 टक्क्यांची सरासरी कशी तयार झाली ते पाहू. महिन्याच्या 720 तासांपैकी 717 तास सर्व्हर 5 टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. उरलेले 3 तास पगाराची प्रक्रिया चालते आणि वापर 38 टक्क्यांवर जातो. हे 3 तास महिन्याच्या सरासरीत जेमतेम 0.14 टक्क्याची भर घालतात. ज्या कामासाठी सर्व्हर घेतला, नेमकं तेच काम सरासरीत दिसेनासं होतं.

याला उपाय म्हणून जाणकार पर्सेंटाइल पाहायला सांगतात. सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावायच्या, वरच्या 1 टक्का सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतली सर्वांत मोठी नोंद घ्यायची. एखाद्या क्षणिक उसळीमुळे निर्णय फिरू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला असला तरी इथे तोही फसतो. दर 5 मिनिटांनी एक नोंद धरली तर 30 दिवसांच्या 8,640 नोंदी होतात आणि त्यांतला 1 टक्का म्हणजे 86. पगाराच्या 3 तासांच्या नोंदी आहेत फक्त 36. त्या सगळ्याच्या सगळ्या ‘सोडून दिलेल्या’ 1 टक्क्यात जातात. महिन्यातून एकदाच येणाऱ्या कामासाठी कमाल आकडाच पाहायला हवा, आणि तो नेमका कोणत्या तारखेचा, किती वाजताचा हेही.

तारखेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आकार सुचवणारं ॲमेझॉनचं स्वतःचं साधन, कम्प्यूट ऑप्टिमायझर, सेटिंग बदललं नाही तर मागचे 14 दिवसच बघतं. महिन्याच्या 20 तारखेला त्याला विचारलं तर त्याच्या लेखी महिनाअखेर झालेलीच नसते. क्लाउडवॉचमध्ये 5 मिनिटांच्या नोंदी 63 दिवस राहतात. त्यानंतर 455 दिवसांपर्यंत फक्त तासागणिक गोषवारा उरतो. म्हणजे मागच्या मार्चअखेरीची धावपळ पुढच्या मार्चपर्यंत पाहता येते, पण ढोबळ स्वरूपात.

5 मिनिटांची नोंदसुद्धा काही लपवते. अर्धा मिनिट सर्व्हर 100 टक्के राबला आणि उरलेली साडेचार मिनिटं 5 टक्क्यांवर होता, तर नोंद पडते 14.5 टक्क्यांची. रात्रीच्या हिशेबाला त्याने फरक पडत नाही. पण पगारपत्रक उघडण्यासाठी शेकडो माणसं एकदम आली, तर त्यांना तोच अर्धा मिनिट आठवतो. अशी शंका असेल तिथे पैसे भरून 1 मिनिटाच्या नोंदी सुरू कराव्यात.

आता हिशेब मांडू. 8 सीपीयूंवरचे 38 टक्के म्हणजे 4 सीपीयूंवरचे साधारण 76 टक्के. ‘साधारण’ म्हणायचं कारण असं की `m5` मालिकेत एक व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे पूर्ण कोर नसतो. एका कोरवर असे दोन धागे चालतात. दोन्ही धागे एकाच वेळी जुंपले तर काम दुप्पट होत नाही. त्यामुळे 76 चा आकडा कागदावर दिसतो त्यापेक्षा थोडा तंग समजावा. तरीही एक पायरी उतरायला हरकत नाही. दोन पायऱ्या उतरलं तर मागणी 152 टक्के होईल, म्हणजे 3 तासांचं काम साडेचार तासांवर जाईल.

हे साडेचार तास वाईट म्हणावेत का? ते आलेख सांगू शकत नाही, पगार करणारी माणसं सांगू शकतात. काम रात्री 11 ला सुरू होऊन पहाटे साडेतीनला संपलं तर कोणाचं बिघडत नाही. तेच काम दुपारी, माणसं समोर बसलेली असताना चालत असेल तर बिघडतं. आपल्या कंपनीत ते दुपारीच चालतं.

इथवर सगळी चर्चा सीपीयूची झाली. खरा घात मेमरी करते, आणि तिचा आकडा फुकटच्या आलेखात नसतोच. सर्व्हरच्या आतली लिनक्स मेमरी कशी वापरते, हे बाहेरून ॲमेझॉनला दिसत नाही. त्यासाठी आत क्लाउडवॉच एजंट बसवावा लागतो. मग `mem_used_percent` मिळू लागतो. एजंट बसवल्यावर एक तरी महिनाअखेर जाऊ द्यावी लागते, कारण मागच्या नोंदी तो आणून देत नाही. अकाउंट्सवाल्यांना ही दिरंगाई वाटेल, पण दुसरा मार्ग नाही.

सीपीयू कमी पडला तर काम रेंगाळतं. मेमरी कमी पडली तर मरतं. लिनक्सचा कर्नल जागा करण्यासाठी एखादी प्रक्रिया थेट बंद पाडतो. बळी बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याचा जातो, म्हणजे डेटाबेसचा किंवा मुख्य प्रोग्रामचा. `dmesg` मध्ये `Out of memory: Killed process` अशी ओळ सापडली की काय झालं ते कळतं.

महिनाअखेरीला, ऐन कामाच्या वेळी, आपल्या सर्व्हरवर `free -h` ही आज्ञा दिली, तर असं काहीसं दिसेल:

```
        total   used   free   shared  buff/cache  available
Mem:     30Gi   11Gi  1.0Gi    212Mi        18Gi       19Gi
```

`free` खाली फक्त 1 जीबी बघून घाबरणारे बरेच असतात. लिनक्स रिकामी मेमरी वाया घालवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तो तिथे ठेवतो आणि गरज पडली की जागा मोकळी करतो. खरी मोकळीक `available` खाली दिसते, ती 19 जीबी. प्रत्यक्ष गरज 11 जीबीची आहे. 16 जीबीत ती मावते, 8 जीबीत मावत नाही. म्हणजे `m5.large` बाद. मेमरीला झुकतं माप देणाऱ्या कुटुंबातला `r5.large` 16 जीबी देतो खरा, पण त्याचे सीपीयू दोनच. म्हणजे पुन्हा तेच साडेचार तास. उरतो `m5.xlarge`.

मावते म्हणजे सगळं सुरळीत होईल असं नाही. 18 जीबीच्या फायली जिथे बसत होत्या तिथे आता चारेक जीबी उरणार. डेटाबेस जे मेमरीतून वाचत होता त्यातलं बरंच आता डिस्कवरून वाचेल. बदलानंतर डिस्कच्या `VolumeReadOps` या आकड्यात वाढ दिसली तर नवल वाटू नये. पगाराचा वेळ वाढतोय का, तेवढं पाहावं.

एक सापळा मात्र कोणत्याच आलेखात दिसत नाही. पगाराचा प्रोग्राम जावात लिहिलेला आहे आणि त्याला किती मेमरी घ्यायची ते कोणीच सांगितलेलं नाही. अशा वेळी जावा साधारणपणे सर्व्हरच्या मेमरीचा पाव हिस्सा ही आपली कमाल मर्यादा मानते. 32 जीबीवर ती 8 होती, 16 जीबीवर 4 होईल. महिनाअखेरीला प्रोग्रामला 6 जीबी लागतात. सर्व्हरवर जागा शिल्लक असतानाही `OutOfMemoryError` येऊन पगार अडकेल. उपाय एका शब्दाचा आहे: प्रोग्राम सुरू करताना `-Xmx7g` लिहून टाकायचं. पण तो आकार बदलण्याआधी करायचा.

प्रत्यक्ष बदल करायला तीन आज्ञा पुरतात:

```
aws ec2 stop-instances --instance-ids $ID
aws ec2 modify-instance-attribute --instance-id $ID --instance-type Value=m5.xlarge
aws ec2 start-instances --instance-ids $ID
```

पहिल्या आज्ञेनंतर सर्व्हर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. बंद करून चालू केलेल्या सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता बदलतो, तो कायमचा राखून ठेवलेला नसेल तर. सर्व्हरला जोडलेली तात्पुरती स्थानिक डिस्क असेल तर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. ही दोन्ही कामं आधी तपासावीत, बॅकअप घ्यावा आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री बदल करावा, म्हणजे महिनाअखेरीआधी हाताशी वेळ राहतो. परतीचा रस्ताही याच तीन आज्ञांचा. फक्त `m5.2xlarge` लिहायचं.

दुसऱ्या दिवशी आलेख शांत दिसतो म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये. पहिला पगार होईपर्यंत काहीच सिद्ध झालेलं नसतं. त्या दुपारी सीपीयू 76 च्या आसपास राहिला, `available` दोन-तीन जीबीच्या खाली गेला नाही आणि काम तीन-सव्वातीन तासांत आटोपलं, तर निर्णय बरोबर ठरला. सीपीयू 95 ला टेकला किंवा वेळ चार तासांवर गेला, तर निमूटपणे परत वर चढावं. 140 डॉलरसाठी पगार लांबवणं कोणत्याच कंपनीला परवडत नाही.

सवलतीच्या करारांबाबतही घाई नको. ॲमेझॉन 1 किंवा 3 वर्षांसाठी ताशी ठरावीक खर्चाची हमी घेऊन दर कमी करतं. मोठ्या आकारावर असताना अशी हमी दिली आणि मग सर्व्हर निम्मा केला, तर न वापरलेल्या हमीचे पैसेही मुदत संपेपर्यंत भरावे लागतात. म्हणून निदान एक महिनाअखेर नव्या आकारावर पार पडू द्यावी आणि मगच करारावर सही करावी.