चप्पल कुठल्या खान्यात?

ऑनलाइन बाजारात एखादी वस्तू लिस्ट करताना विक्रेत्याचे सगळे लक्ष फोटो आणि किमतीवर असते. ॲमेझॉनसारख्या बाजाराची यंत्रणा मात्र आधी वेगळेच तपासते. वस्तू कोणत्या वर्गात टाकली आहे आणि त्या वर्गासाठी सक्तीचे तपशील भरले आहेत का, हे ती पाहते. यात उणे निघाले की लिस्टिंग ‘सप्रेस’ होते. म्हणजे ते पुसले जात नाही. पान जागेवर असते, थेट लिंकने उघडते, विक्रेत्याच्या खात्यात साठाही दिसतो. पण ग्राहकाने काहीही शोधले तरी ती वस्तू निकालात येत नाही. त्यामुळे बरेच विक्रेते महिना महिना ऑर्डरची वाट पाहत बसतात आणि दोष किमतीला देतात.

कोल्हापुरी चप्पल हे यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण ती चुकीच्या वर्गात टाकायला निमित्ते भरपूर आहेत. समजा, एका लहान कारखान्याला पुरुषांची कापशी चप्पल ॲमेझॉनच्या भारतीय साइटवर विकायची आहे. रंग दोन, टॅन आणि काळा. मापे सहा ते दहा.

या चपलेची वर्गवारी तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हेतूंनी होते आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. पहिली ‘प्रॉडक्ट टाइप’. विक्रेत्यासमोर कोणता अर्ज उघडणार आणि त्यातले कोणते रकाने सक्तीचे असणार, हे ती ठरवते. दुसरी ‘ब्राउझ नोड’. ग्राहक पुरुष, पादत्राणे, सँडल अशा पायऱ्या उतरत जातो तेव्हा वस्तू कोणत्या पायरीवर दिसेल, हे तिच्यावर अवलंबून असते. तिसरी जीएसटीसाठीचा एचएसएन क्रमांक. गंमत म्हणजे चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामडी पट्टे असलेल्या पादत्राणांना आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ६४०३२० हा स्वतंत्र उपवर्गच आहे. वर्णन वाचले की डोळ्यांसमोर कोल्हापुरीच येते. पण हा क्रमांक कितीही अचूक भरला तरी त्याचा संबंध कराशी आहे. चप्पल कोणत्या फळीवर मांडायची, हे त्यावरून ठरत नाही.

प्रॉडक्ट टाइप निवडताना विक्रेता बहुधा नाव टाइप करून शोधतो आणि समोर आलेला पहिला पर्याय घेतो. आपल्याकडे साध्या चपलेलाही सर्रास स्लीपर म्हणतात, म्हणून `SLIPPER` निवडले जाते. ॲमेझॉनच्या मांडणीत तो मुख्यतः घरात घालायच्या मऊ पादत्राणांचा वर्ग आहे. दुसरा मोह हस्तकलेचा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. हाताने शिवलेली, मानांकन असलेली वस्तू म्हणून ती शोभेच्या किंवा हस्तकलेच्या वर्गात टाकावीशी वाटते. तिथे मापाचा रकाना नसेल, तर आठ नंबरची चप्पल शोधणाऱ्या ग्राहकाला ती सापडणार कशी? वस्तू कशी बनली यापेक्षा ती कशासाठी वापरली जाते, हा वर्ग ठरवण्याचा खरा निकष. कापशी पायात घालतात, बाहेर जाताना घालतात, ती पुढून उघडी आणि पट्ट्यांची असते. म्हणून तिचा प्रॉडक्ट टाइप `SANDAL`. खात्री करायची तर तशाच दोन-चार चांगल्या खपणाऱ्या चपलांची पाने उघडावीत आणि त्या कोणत्या पायरीवर आहेत हे पानाच्या वरच्या पट्टीत पाहावे.

वर्ग चुकल्याचा आणखी एक फटका आहे, तो सहसा उशिरा कळतो. लहान कारखान्याच्या मालावर बारकोड नसतो. अशा विक्रेत्याला ॲमेझॉन बारकोडमधून सूट देते, पण ती सरसकट नसते. ब्रँड आणि वर्ग यांच्या ठरावीक जोडीपुरती असते. पादत्राणांसाठी सूट घेतली आणि माल दुसऱ्याच वर्गात चढवला, तर यंत्रणा बारकोड मागत राहते. विक्रेत्याला वाटते सूट मिळालीच नाही.

वर्ग बरोबर ठरला की तपशिलांकडे वळायचे. पादत्राणांच्या अर्जात सगळ्यात जास्त चुका मापात होतात. तिथे माप हा एक आकडा नसतो. मापाची पद्धत, वयोगट, लिंग, मापाचा प्रकार, पावलाची रुंदी आणि शेवटी प्रत्यक्ष माप, असे एकमेकांना बांधलेले रकाने असतात. पद्धत यूके निवडली आणि पेटीवर छापलेला ४१ लिहिला, तर ओळ परत येते, कारण ४१ हे युरोपीय माप आहे आणि यूके पद्धतीच्या यादीत ते नाहीच. तिथे ७ हवे. ‘७ नंबर’, ‘७ इंची’, ‘मीडियम’ असे मनाने लिहिलेलेही चालत नाही. यंत्रणेने दिलेल्या यादीतलाच पर्याय उचलावा लागतो.

दोन रंग आणि पाच मापे म्हणजे दहा वेगवेगळ्या विक्रीच्या वस्तू. प्रत्येकीला स्वतःचा एसकेयू लागतो. या दहांना एका पानावर आणण्यासाठी त्यांच्यावर एक ‘पेरेंट’ ओळ असते. म्हणून एक्सेलमध्ये दहा नव्हे, अकरा ओळी भराव्या लागतात. त्यांतल्या पहिल्या तीन साधारण अशा:

```
SKU           Parentage   Parent SKU   Size   Color
KAP-M         Parent
KAP-M-TAN-7   Child       KAP-M        7      Tan
KAP-M-TAN-8   Child       KAP-M        8      Tan
```

पेरेंट ही विकायची वस्तू नाही, म्हणून तिला किंमत, साठा, माप काहीच द्यायचे नसते. वर्ग आणि ब्रँड मात्र अकराही ओळींत एकच हवेत. एका ओळीत जरी दुसरा प्रॉडक्ट टाइप राहिला तरी ते माप कुटुंबातून सुटते आणि एकटेच वेगळ्या पानावर जाऊन पडते.

साहित्याच्या रकान्यात वरचा भाग आणि तळ यांची वेगवेगळी नोंद लागते. अस्सल कोल्हापुरीत दोन्ही चामड्याचे असतात, म्हणून दोन्हीकडे `Leather`. वरचा भाग चामड्यासारख्या दिसणाऱ्या रेक्झिनचा असेल तर `Faux Leather`. बंद करण्याची पद्धत `Slip On`, टाच `Flat`, पुढचा भाग `Open Toe`. हे भरायला मिनिटभर लागत नाही, पण घाईत माणूस `Other` किंवा `NA` लिहून पुढे जातो. ओळ स्वीकारली जाते. म्हणूनच ही चूक जास्त वाईट. रिकामा रकाना यंत्रणा दाखवून देते. खोटा किंवा निरर्थक भरलेला रकाना ती मुकाट्याने घेते आणि डाव्या बाजूच्या ‘लेदर’ या चाळणीवर टिचकी मारणाऱ्या ग्राहकापुढे ती चप्पल कधीच येत नाही. अशा लिस्टिंगवर सप्रेस असा शिक्का बसत नाही, परिणाम मात्र जवळपास तोच.

काही रकाने बाजाराने नव्हे, कायद्याने आणलेले आहेत. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, एमआरपी, निव्वळ प्रमाण आणि वस्तूचे सर्वसामान्य नाव दाखवणे बंधनकारक झाले. मूळ देशही सांगावा लागतो. एरवी सोप्या वाटणाऱ्या या भागातही एक खड्डा आहे, तो नगांचा. चपला दोन म्हणून संख्येत २ लिहिले, तर एका किमतीत दोन जोड मिळतील असे पान सांगते आणि पुढची तक्रार ओढवून घेतली जाते. विकली जाणारी वस्तू एक जोड आहे, तेव्हा संख्या १.

फोटो आणि शीर्षक यांनाही वर्गाचे नियम लागू असतात. मुख्य फोटोची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी हवी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग तरी व्यापायला हवा. पादत्राणांसाठी शिवाय एकच पाय, ४५ अंशांत डावीकडे तोंड करून दाखवण्याचा नियम आहे. कोल्हापुरीचे फोटो सहसा जोडीने, तेही पैठणीवर किंवा पितळी ताटाशेजारी काढलेले असतात. ते सुंदर असतात. पण त्यांची जागा दुसऱ्या क्रमांकापासून पुढे. शीर्षकासाठी बहुतेक वर्गांत २०० अक्षरांची मर्यादा आहे.

फाइल चढवल्यावर प्रक्रियेचा अहवाल येतो. तो न उघडणे ही सर्रास दिसणारी सवय आहे. त्यात प्रत्येक चुकलेल्या ओळीपुढे एक क्रमांक असतो. `90220` म्हणजे सक्तीचा तपशील भरलेला नाही. `8541` म्हणजे दिलेला बारकोड आधीच कॅटलॉगमधल्या एका वस्तूचा आहे आणि त्या वस्तूची नोंद नव्या माहितीशी जुळत नाही. पहिला दोष रकाना भरून मिटतो. दुसऱ्यात आधी हे पाहावे लागते की बारकोड खरोखर आपलाच आहे का. कुठून तरी स्वस्तात विकत घेतलेले बारकोड इथेच दगा देतात.

अहवाल स्वच्छ असला तरी एक तपासणी उरते. साठ्याच्या पानावर `Search Suppressed` ही चाळणी लावून पाहावी. मग वस्तूचा एएसआयएन क्रमांक साइटच्या शोधपट्टीत टाकावा. थेट पत्त्याने पान उघडते पण शोधात वस्तू येत नाही, तर ती सप्रेस आहे. दुरुस्तीनंतर बदल दिसायला साधारण एक दिवस द्यावा. शेवटी ग्राहक करतो तसे पुरुषांच्या सँडलपर्यंत जाऊन लेदर, टॅन, माप ८ अशा चाळण्या एकामागून एक लावाव्यात. ज्या चाळणीनंतर चप्पल गायब होते, तो रकाना चुकलेला असतो.

ही तपासणी एकदा करून संपत नाही. बाजार सक्तीच्या तपशिलांची यादी बदलत असतो आणि दोन वर्षे सुरळीत चाललेले लिस्टिंग एका नव्या रकान्यापायी अचानक झाकले जाते. अशा वेळी विक्रेते वैतागून ते पुसून नवे तयार करतात. हा उपाय चुकीचा आहे. बारकोड असेल तर तोच क्रमांक पुन्हा जुन्याच पानाशी आणि जुन्याच चुकीच्या वर्गाशी जोडला जातो. बारकोडची सूट असेल तर नवे पान तयार होते, पण जुन्या पानावरचे ग्राहकांचे अभिप्राय हातचे जातात, शिवाय एकाच वस्तूची दोन पाने करणे हा ॲमेझॉनच्या नियमांचा भंग आहे. राहिलेला रकाना जुन्याच एसकेयूवर भरावा, आणि वर्गच चुकलेला असेल तर उत्पादनाचा फोटो व वर्णन जोडून विक्रेता सहायता विभागाकडे वर्ग बदलण्याची विनंती करावी.