बायकोच्या नावावर टाकलं, की सुटलो?

शुक्रवारची संध्याकाळ. मुंबई-पुण्याच्या नंबरप्लेट्स मालवणकडे वळायला लागलेल्या असतात. तारकर्ली-देवबागला रूम शोधत फिरणाऱ्यांचे फोन सुरू होतात, आणि सरकारी ऑफिसातून नुकताच घरी आलेला आपला माणूस ओटीवर चहा पीत ते बघत बसतो. घर रस्त्यालगत. मागच्या दोन खोल्या रिकाम्या. समोरच्याने मात्र होमस्टेची पाटी लावून गेल्याच महिन्यात नवी स्कूटर घेतलेली!

मनातल्या मनात हिशोब सुरू होतो. दोन खोल्या, रात्रीचे अडीच हजार, महिन्यात आठ रात्री जरी भरल्या तरी चाळीस हजार. तेवढ्यात शेजारचा मित्र कट्ट्यावरून सल्ला देतो, ''अरे, बायलेच्या नावार टाक. मगे कोण इचारतलो?''

कोण विचारणार? उत्तर सोपं आहे. तुमचंच ऑफिस विचारू शकतं. आणि तेव्हा नाव कुणाचं होतं, एवढ्यावर ते थांबत नाही.

आधी तुमचं पुस्तक कोणतं ते बघा

'सरकारी नोकर' हा एकच शब्द असला तरी नियमांची पुस्तकं वेगवेगळी आहेत. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979' लागू होतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला जिल्हा परिषद जिल्हा सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम. पोस्टात किंवा कस्टममध्ये असाल तर केंद्राचे 1964 चे नियम. सूर बराचसा एक आहे, पण परवानगी कुणाकडे मागायची आणि कशाची माहिती द्यायची, हे आपापल्या पुस्तकातच बघावं लागतं. शिक्षकांसाठी तर खाजगी शिकवणीवर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी घातली आहे. तिथे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

आपण राज्य सरकारचं पुस्तक उघडू. त्यातला नियम 16 या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कर्मचाऱ्याने 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' कोणताही धंदा-व्यापार किंवा दुसरी नोकरी करायची नाही, असं तो सांगतो. सवलतही देतो. समाजसेवेचं विनामोबदला काम, किंवा अधूनमधून केलेलं साहित्य, कला, विज्ञानाचं काम मंजुरीशिवाय चालतं, फक्त ऑफिसच्या कामाला धक्का लागता कामा नये. म्हणजे गावच्या जत्रेत हौसेने दशावतारात उभे राहिलात तर काही बिघडत नाही. पण कंपनीबरोबर रात्रीमागून रात्री ठरलेलं मानधन घेऊन फिरू लागलात, की ते 'अधूनमधून' राहत नाही. शिवाय खाजगी माणसाकडून किंवा संस्थेकडून कामाचा मोबदला घ्यायला मंजुरी लागतेच.

तोच फरक आंब्याचा. वडिलांच्या बागेतला हापूस पेट्या भरून विकणं हे सहसा शेतीचं उत्पन्न मानलं जातं. शेजाऱ्यांच्या बागांतला माल उचलून, त्यावर नफा लावून तुम्ही पुण्याला पाठवू लागलात, तर तो व्यापार झाला. आणि मागची खोली वर्षभरासाठी एखाद्या बँकवाल्याला भाड्याने दिलीत तर ते घरभाडं. रोज नवा पाहुणा, सकाळी घावणे-चटणी आणि दुपारी सुरमईचं ताट, म्हणजे धंदा. नाव 'होम'स्टे असलं तरी!

नाव तिचं, पण क्यूआर कोड कुणाचा?

आता मित्राच्या सल्ल्याकडे येऊ. बायकोने धंदा करू नये, असं नियम कुठेच म्हणत नाहीत. तिचा तो हक्क आहे. (तुम्ही स्वतः नोकरीत असाल आणि धंदा नवऱ्याचा असेल, तरी पुढचं सगळं तसंच.) पण नियम 16 मध्येच पुढे दोन गोष्टी लिहिल्या आहेत. कुटुंबातली व्यक्ती धंदा-व्यापार करत असेल, तर ते सरकारला कळवायचं. आणि पत्नीच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या विमा एजन्सी, कमिशन एजन्सी वगैरेंसाठी तुम्ही गिऱ्हाईक गोळा करत फिरलात, तर तो नियमभंगच धरला जातो.

म्हणजे खरा प्रश्न 'नाव कुणाचं' हा नाही. 'धंदा चालवतो कोण' हा आहे. समजा, तुमच्याविरुद्ध तक्रार झाली. चौकशी करणारा अधिकारी काय बघेल? पाटीवरचा मोबाइल नंबर कुणाचा. बुकिंगचे पैसे कुणाच्या खात्यात पडतात. काउंटरवरचा क्यूआर कोड कुणाचा. पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेतली नोंदणी, जेवणासाठीची अन्न परवान्याची नोंदणी, बँकेचं कर्ज कुणाच्या नावावर. पाहुणा ऑफिसच्या वेळेत फोन करतो तेव्हा उचलतो कोण. यातल्या चार-पाच ठिकाणी तुमचंच नाव निघालं, तर बायकोच्या नावाची पाटी हा फक्त पडदा ठरतो. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द नियमात आहे तो यासाठीच.

ऑफिसच्या ग्रुपवर 'आमच्याकडे रूम उपलब्ध' असं टाकणं साधं वाटतं. पण ते गिऱ्हाईक गोळा करणंच आहे, आणि तारीख-वेळेसकट लेखी!

आता एक केस नीट मांडून बघू

समजा, तुम्ही मालवण तहसील कार्यालयात महसूल सहायक आहात. घर देवबागला, वडिलांकडून तुमच्या नावावर आलेलं. बायकोला खरोखरच होमस्टे चालवायचा आहे.

पहिलं काम, तिचा धंदा खऱ्या अर्थाने तिचा करणं. तिने स्वतःच्या नावावर कर्ज घ्यायचं, तिचंच खातं, तिचाच नंबर, नोंदण्या तिच्या. घर तुमचं असल्याने दोन खोल्या वापरायला दिल्याचं संमतीपत्र करायचं. भांडवल तुमच्या पगारातून गेलं तर तेही कागदावर हवं. नवऱ्याने नुसत्या दिलेल्या पैशातून बायकोला मिळणाऱ्या उत्पन्नाचा तेवढा भाग प्राप्तिकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, हे अनेकांना रिटर्न भरताना कळतं.

दुसरं काम, पत्र. इथे बहुतेक जण गोंधळतात, कारण 'कळवणं' आणि 'परवानगी घेणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंदा पूर्णपणे तिचा असेल तर तुम्ही कळवायचं. तुमचा त्यात हात असणार असेल, अगदी शनिवार-रविवारी बुकिंग सांभाळण्याइतका, तर सुरू करण्याआधी मंजुरी मागायची. आधी सुरू करून मग अर्ज टाकणं म्हणजे नियमभंग स्वतःच लिहून देणं. पत्र कार्यालयप्रमुखांमार्फत जातं. धंदा कोणता, कुठे, कुणाच्या नावावर, भांडवल कुठून, काम कोण करणार, हे सगळं साध्या भाषेत लिहायचं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घरी जपून ठेवायची. आणि उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असं समजायचं नाही. स्मरणपत्र द्यायचं आणि वाट बघायची.

तिसरं काम सगळ्यात अवघड, कारण ते कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं. तुमचं टेबल.

फाईल कुणाच्या टेबलावरून जाते?

हाच होमस्टे, अगदी असाच, ग्रामीण रुग्णालयातल्या फार्मासिस्टच्या बायकोने काढला तर गोष्ट कळवण्यावर बहुधा मिटते. औषधांच्या टेबलाचा आणि होमस्टेचा संबंध येत नाही. महसूलच्या टेबलाचा येतो. बिनशेतीचे कागद तिथे. किनाऱ्यावरच्या सीआरझेड पट्ट्यात बांधकामाची तक्रार आली, तर जागेवर जाऊन पाहणी बरेचदा महसूलच्याच माणसांना करावी लागते. म्हणजे उद्या समोरच्या होमस्टेवाल्याविरुद्ध तक्रार आली आणि ती फाईल तुमच्या हातात पडली, तर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी गावाला ते पटणार नाही. तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या फाईलवर बसला आहात!

पाहुणेही तपासायला हवेत. वाळूचं आणि इतर गौण खनिजांचं काम महसूलकडे असतं. ज्याचा वाळूचा अर्ज तुमच्या ऑफिसात पडून आहे, तो माणूस तुमच्याकडे दोन रात्री राहिला आणि पाच हजारांच्या जागी पंचवीस हजार ठेवून गेला, तर ते भाडं की आणखी काही? पावती बायकोच्या नावाची असली तरी प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. अशा वेळी दर सगळ्यांना एकच ठेवणं आणि ज्यांचं काम आपल्या टेबलावर आहे त्यांना रूम न देणं, हा सरळ मार्ग. महिन्याला एखादं बुकिंग जाईल. जाऊ दे.

म्हणून त्या पत्रात आणखी एक वाक्य घालायचं: 'या व्यवसायाशी किंवा अशाच इतर व्यवसायांशी संबंधित प्रकरण माझ्याकडे आल्यास ते अन्य कर्मचाऱ्याकडे सोपवावे.' आणि प्रत्यक्ष फाईल आली की तेव्हाही लेखी कळवून बाजूला व्हायचं. तोंडी सांगितलेलं साहेबांची बदली झाली की विसरलं जातं.

बदलीवरून आठवलं. आज तुम्ही आस्थापनेच्या टेबलावर आहात म्हणून बिनधास्त असाल, पण पुढच्या वर्षी गौण खनिजाचं टेबल मिळालं तर हितसंबंध नव्याने तयार होतो. टेबल बदललं की पत्र पुन्हा द्यायचं. मेडिकलवाला मित्र हे एकदाच करून सुटतो, तुम्हाला पुन्हा पुन्हा करावं लागतं.

इतकं सगळं करायचं कशाला? कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. शिस्त आणि अपील नियम, 1979 मध्ये शिक्षांची यादी ठपक्यापासून सुरू होते, वेतनवाढ आणि बढती रोखण्यातून जाते आणि बडतर्फीपर्यंत पोचते. साध्या चुकीला कुणी बडतर्फ करत नाही. पण चौकशी लांबली आणि तोपर्यंत बढती अडली, तर होमस्टेच्या दोन सीझनची कमाई त्यात सहज जाते.

पाटी रंगवायला देण्याआधी

• मला लागू असलेलं नियमांचं पुस्तक मी स्वतः वाचलंय का?
• फोन, खातं, क्यूआर कोड, नोंदणी या चारांत माझं नाव कुठे आहे?
• या धंद्याची, शेजारच्या धंद्याची किंवा एखाद्या पाहुण्याची फाईल माझ्या टेबलावर येऊ शकते का?
• पत्राची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे का, आणि ती आजच्या टेबलाला धरून आहे का?

चारही उत्तरं नीट असतील तर पाटी लावा. बायकोच्या नावाची, बायकोच्या नंबरची. आणि शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला, तर तिलाच उचलू द्या.