ऑडिट संपल्यावरचं आभारपत्र

कंपनीचा टॅक्स ऑडिट अहवाल साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत भरावा लागतो. शेवटच्या आठवड्यात लेखा विभाग रात्री उशिरापर्यंत जीएसटीची विवरणपत्रं आणि विक्रीची खाती जुळवत बसतो. नंतर संचालकांनी लिहिलेल्या आभारपत्रात ते नेमकं काम दिसलं पाहिजे: ‘क्रेडिट नोटा दोन्हीकडे वेगवेगळ्या महिन्यांत पडल्या होत्या. तुम्ही एकेक बिल काढून तो फरक शोधलात. मालसाठ्यातली तूट न झाकता ऑडिटरांपुढे ठेवलीत. मनापासून आभार. बदली रजा याच महिन्यात घ्या.’ बाहेरच्या ऑडिटरांना लिहिताना मात्र आभार वेळ आणि मेहनतीपुरतेच असावेत. अनुकूल अभिप्रायाबद्दल आभार मानले, तर त्यांच्या निःपक्षपातीपणावरच शंका येते.