लग्नसराईची कमाई, चातुर्मासाचा हप्ता

नाशिकचा एखादा लग्नाचा फोटोग्राफर घ्या. वैशाखात महिन्याला लाखभर सुटतात, चातुर्मासात कॅमेरा जवळजवळ कपाटातच. तेजीच्या जोरावर त्याने दहा हजारांची एसआयपी सुरू केली, तर भाद्रपदात खात्यात पैसे नसतात. फंड दंड लावत नाही, पण बँक हप्ता परत गेल्याचे शुल्क कापते. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती रद्दच होते.

म्हणून हप्ता मंदीच्या महिन्यावरून ठरवावा, हजार-दोन हजार.

घरखर्च तीस हजार असेल, तर चार महिन्यांचे एक लाख वीस हजार आधी लिक्विड फंडात ठेवावेत. मागितल्यावर ते साधारण पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात. अॅडव्हान्स टॅक्सही बाजूला काढावा. तो हमखास विसरला जातो! उरलेले मग इक्विटी फंडात, जमेल तेव्हा एकरकमी.